दप्तर शिवून घ्यायचंय : कापड, दोरा आणि चेन कोणती?

*नमस्कार. आमचा पोऱ्या जूनमध्ये सातवीत जाईल. शाळा साडेचार किलोमीटर लांब, सायकलवर जातो. दप्तर कॅरियरला ट्यूबच्या पट्टीने बांधतो. गेल्या जूनमधलं दप्तर दिवाळीपर्यंत टिकलं. एक पट्टा वरून उपटला आणि खालच्या कोपऱ्याला भोक पडलं. दिवाळीनंतर घेतलेल्याची चेन फेब्रुवारीत उघडी पडायला लागली. आता गावात ट्रॅक्टरच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून चांगलं शिवूनच घ्यायचं ठरवलंय. तो म्हणतो कॅनव्हास आणा, दुकानदार म्हणतो नायलॉन, मोठी मुलगी म्हणते रिपस्टॉप पॉलिस्टर. कोणतं कापड, कसला दोरा, कोणती चेन आणू ते नीट सांगा.*
*– एक आई, अमळनेर तालुका*

ताई, दुकानात जायच्या आधी ती दोन्ही जुनी दप्तरं उलटी करून आतून बघा. टाकून दिली नसतील तर फार कामाची आहेत. पट्टा जिथून उपटला तिथे तीनपैकी एक काहीतरी दिसेल. दोरा तुटला असेल आणि कापड शाबूत असेल, तर दोरा बारीक होता. सुईच्या भोकांच्या रेषेवर कापड सरळ फाटलं असेल, तर टाके फार दाट होते. आणि दोराही धड, कापडही धड, पण कापडाचे धागे शिवणीतून सुटे होऊन बाहेर निसटलेले, झालरीसारखे लोंबताना दिसले, तर कारागिराने शिवणीत कापडच कमी दाबलं होतं. तयार दप्तरांत हा तिसरा प्रकार फार. कापड वाचवायला शिवणीच्या आत जेमतेम चार-पाच मिलिमीटर सोडलेले असतात, कडेला गोट नसतो. कापड कितीही भारी घ्या, तेवढ्याशा कडेतून ते निसटणारच. म्हणून तुमच्या शिवणाऱ्याला पहिली सूचना हीच द्या, की प्रत्येक शिवणीत दहा ते बारा मिलिमीटर कापड आत राहिलं पाहिजे आणि ती कड गोटाने बंद झाली पाहिजे.

आता कापड. तिघांपैकी कोणी खोटं सांगत नाही, पण तिघांच्या डोळ्यासमोर वेगवेगळं दप्तर आहे.

शिवणाऱ्याला कॅनव्हास आवडतो, कारण तो मशीनखाली सरकत नाही, सुई नीट धरतो, कडा फारशा सुटत नाहीत आणि पुढे फाटला तर कुणीही रफू करू शकतं. पाठीला गरमही कमी लागतो, आणि आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत ही काही लहान गोष्ट नाही. अडचण वजनाची आणि पाण्याची. दप्तराला चालेल असा कॅनव्हास बारा औंसाचा, म्हणजे चौरस मीटरला साधारण चारशे ग्रॅमचा लागतो. जुलैत एकदा भिजला की त्याचं वजन दीडपटीच्या पुढे जातं आणि संततधार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो वाळत नाही. ओलसर सुती कापड बंद खोलीत दोन-तीन दिवस राहिलं की बुरशी धरते. काळे ठिपके दिसतात ते नुसते डाग नसतात, तिथला धागा कुजायला लागलेला असतो. डब्यातलं भरताचं तेल सांडलं तर तेही कॅनव्हास पिऊन घेतो. चालत शाळेत जाणाऱ्या, गावातल्या गावात राहणाऱ्या मुलाला कॅनव्हास जरूर द्यावा. सायकलवर साडेचार किलोमीटर भिजत जाणाऱ्याला नको.

नायलॉनचं खरं बळ घासण्यात आहे. तेवढ्याच जाडीच्या पॉलिस्टरपेक्षा नायलॉन घासणं जास्त सोसतं. पण उन्हात ते लवकर हरतं. खास प्रक्रिया न केलेलं नायलॉन रोज कडक उन्हात राहिलं तर पिवळट पडतं आणि आतून कमजोर होतं, पॉलिस्टर त्या मानाने बरंच टिकतं. शिवाय नायलॉन थोडं पाणी पितं आणि ओलं झालं की किंचित ताणतं, त्यामुळे बांधलेलं ओझं पावसात सैल पडतं. सायकल शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते की उघड्यावर, आणि दप्तर वर्गात जातं की कॅरियरवरच राहतं, हे पोराला विचारा. उन्हात राहत असेल तर सबंध दप्तर नायलॉनचं करण्यात अर्थ नाही.

मुलीने सांगितलेला रिपस्टॉप हा धागा नव्हे, विणायची पद्धत आहे. साध्या विणीत दर पाच-सहा मिलिमीटरवर आडवा-उभा एकेक जाड धागा घालतात, म्हणून कापडावर बारीक चौकटी दिसतात. खिळ्याला किंवा बाभळीच्या काट्याला अडकून कापड फाटलं, तर ती फाट पुढच्या जाड धाग्यापाशी अडते, हातभर पसरत नाही. एवढंच त्याचं काम. घासण्याला रिपस्टॉप काही करत नाही. उलट तो जाड धागा पृष्ठभागावर किंचित उचललेला असतो, त्यामुळे कॅरियरच्या लोखंडावर आधी तोच झिजतो आणि चौकटीच्या रेषांवर भोकं पडतात. आणखी एक घोटाळा असा, की बाजारात रिपस्टॉप म्हणून जास्त करून छत्री, रेनकोट, हलक्या पिशव्या यांचं पातळ कापड मिळतं. त्यावर चौकटी आहेत म्हणून ते दप्तराचं होत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी उत्तर एका कापडाचं नाही, दोन कापडांचं आहे. अंग 600 डेनियरच्या रिपस्टॉप पॉलिस्टरचं, आतल्या बाजूने पीयूचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनचा लेप असलेलं. तळ आणि पाठीचा खालचा आठ सेंटिमीटर भाग यांवर बाहेरून दुसरा थर 1000 डेनियरच्या नायलॉनचा. कॅरियर जिथे घासतो तिथे नायलॉन, ऊन जिथे लागतं तिथे पॉलिस्टर. तळाच्या थरावरही ऊन अगदीच पडत नाही असं नाही, पण तो झिजला की तेवढाच उसवून नवा लावता येतो. रिपस्टॉप जाड मिळाला नाही तर साधं 600 डेनियर पॉलिस्टर घ्या, बिनधास्त. चौकटीसाठी पातळ कापड घेऊ नका.

डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. दुकानात तो आकडा डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि दुकानदार सांगेल तो खरा मानावा लागतो. म्हणून वजनाने पारखा. कापडाचा बरोबर दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. सोनाराचा काटा शोधायला जळगाव जिल्ह्यात कुणाला लांब जावं लागत नाही. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभराने गुणलं की चौरस मीटरचं वजन निघतं. दोन ग्रॅम चाळीस पॉइंट भरलं तर 240. अंगाचं कापड 220 ते 280 च्या दरम्यान आणि तळाचं नायलॉन 300 च्या पुढे असावं. दीड ग्रॅमच्या आत भरलं तर ते छत्रीच्या जातीचं, परत करा.

वजनातही एक फसवणूक आहे. कापड पातळ आणि मागे पीव्हीसीचा जाड रबरी थर दिला की काट्यावर ते भारी दिसतं. तुकडा मागून नखाने खरवडा. पीयूचा लेप पातळ, जवळजवळ न दिसणारा असतो आणि कापड दुमडल्यावर मऊ राहतं. पीव्हीसीचा थर जाड असतो, वास येतो, आणि कडेला सोलून निघाला तर सालीसारखा हाताला येतो. उष्णतेने हा थर काही वर्षांत कडक होऊन तडकतो. मग तुकड्याच्या कापलेल्या कडेला सुईच्या टोकाने एक धागा ओढून बघा. चांगल्या लेपाच्या कापडाचा धागा अडत-अडत निघतो. भराभर सुटत असेल तर शिवणीतही तसाच निसटेल.

नायलॉन आहे की पॉलिस्टर, हे एक ओढलेला धागा जाळून कळतं. लेप असलेला तुकडा जाळू नका, धागाच घ्या, चिमट्यात धरा आणि खाली पाण्याची ताटली ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि काळा टणक मणी बनतो. नायलॉनही वितळतं, पण धूर कमी आणि मणी फिकट, मातकट रंगाचा. गडद रंगवलेल्या धाग्यात मण्याच्या रंगावर जाऊ नका, धुरावर जा.

कापड किती लागेल ते मोजून सांगते. सातवीच्या वह्या-पुस्तकांना 30 सेंटिमीटर रुंद, 42 उंच आणि 15 खोल एवढं दप्तर पुरतं. शिवणी धरून पुढचा-मागचा पल्ला, भोवतालची पट्टी, पुढचा खिसा, पट्ट्यांचं कापड आणि आतला एक कप्पा मिळून साधारण एक चौरस मीटर होतं. दीड मीटर पन्ह्याचं कापड असेल तर एक मीटर लांबी घ्या, कापताना वाया जाणारं त्यात बसतं. तळाच्या थराला 33 बाय 31 सेंटिमीटर नायलॉन लागतं. अर्धा मीटर आणलंत तर पुढच्या दोन-तीन वेळच्या बदलीचीही सोय होईल. पंचवीस मिलिमीटर रुंदीची जाड विणलेली पट्टी अडीच मीटर, गोटाची पट्टी आठ मीटर, खांद्याच्या पट्ट्यांसाठी आठ-दहा मिलिमीटर जाडीचा घट्ट फोम. गादीतला मऊ स्पंज नको, तो दोन महिन्यांत चपटा होतो. एवढ्यात रिकामं दप्तर अर्ध्या किलोच्या आसपास बसतं. हेच बारा औंस कॅनव्हासचं केलं तर कोरडंच साडेसहाशे-सातशे ग्रॅमच्या घरात जातं. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात सहावी-सातवीला भरलेल्या दप्तराचं वजन दोन ते तीन किलो धरलंय, तेव्हा रिकाम्यात दीड-दोनशे ग्रॅम वाचणं हिशेबात घेण्यासारखं आहे.

दोरा स्वतः विकत आणा, शिवणाऱ्यावर सोडू नका. त्याच्याकडे सीटांचा जाड दोरा असला तर उत्तम, पण काही जण दप्तर लहान काम समजून कपड्यांचाच दोरा लावून देतात. तुम्हाला हवा अखंड तंतूचा पॉलिस्टर दोरा, तिकीट 40 किंवा टेक्स 70 असं रिळावर लिहिलेला. शर्टाचा दोरा तिकीट 120 चा असतो. तिकिटाचा आकडा लहान तितका दोरा जाड. इथे फार जण फसतात ते असे, की रिळावर 40/2 लिहिलेलं दिसतं आणि चाळीस बघून घेतलं जातं. ती मोजणी वेगळी आहे, तो शर्टाचाच बारीक दोरा आहे. खात्री हवी तर दोरा दोन्ही हातांना गुंडाळून झटका देऊन बघा. टेक्स 70 चा दोरा हाताला कापेल पण सहजी तुटणार नाही. सुती दोरा कॅनव्हासला जुना जोडीदार असला तरी पावसात कुजतो, तो घेऊ नका. वरचा आणि बॉबिनमधला दोरा एकाच जाडीचा असू द्या.

सुई अठरा नंबरची, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा. म्हणजे इंचाला सात ते आठ टाके. दाट टाका म्हणजे मजबूत शिवण, हा समज जाड लेपाच्या कापडाला लागू पडत नाही. इंचाला बारा-चौदा टाके घातले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि ओढ आली की कापड तिथूनच फाटतं. लेपावर सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, म्हणून उसवून परत तिथेच शिवायची वेळ येऊ नये. आधी कातरणाच्या चार घड्यांवर टाका जमवून घ्यायला सांगा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे. खालच्या बाजूने दोरा सरळ रेषेत पडलेला दिसला आणि नखाने सहज उचलला गेला, तर ताण चुकलाय.

पट्ट्याचा वरचा जोड हे या दप्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, कारण पोरं दप्तर एका पट्ट्याने हिसका मारून उचलतात. तीन किलोचं ओझं हिसक्याला त्याच्या कितीतरी पट जोराने ओढतं. बाजारू दप्तरात पट्टा नुसता वरच्या शिवणीत खोचलेला असतो, सगळी ओढ एकाच आडव्या रेषेवर. तुमच्या दप्तरात असं करून घ्या. पाठीच्या पल्ल्याच्या आतून, वरून पाच सेंटिमीटर खाली, पंचवीस मिलिमीटरची विणलेली पट्टी आडवी, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. तिची दोन्ही टोकं बाजूच्या शिवणीत अडकली पाहिजेत. खांद्याचा पट्टा बाहेरून त्या पट्टीवर येईल असा ठेवायचा, त्याचं टोक आत दुमडून, आणि त्यावर अडीच सेंटिमीटरचा चौकोन शिवून आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायची. एका हाताने दप्तर उचललं तरी ओढ चौकोनाच्या चारी बाजूंना आणि फुलीला वाटली जाते, आणि तिथून आतल्या पट्टीवाटे दोन्ही बाजूच्या शिवणींवर. चौकोन एकदाच नव्हे, दोनदा फिरवून घ्या. तीनदा नको, भोकं वाढतात. हातात धरायची मुठही याच आडव्या पट्टीवर घ्यायची, म्हणजे तिच्यासाठी वेगळा आधार लागत नाही.

खालचा जोड सोपा आहे. पट्टी तळाच्या कोपऱ्यात थेट शिवणीत खोचू नका. त्रिकोणी कापडाच्या दुहेरी तुकड्यात पट्टी धरून, तो तुकडा बाजूच्या शिवणीत पूर्ण रुंदीने बसवा. पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर किंचित वितळवून घ्या म्हणजे सुटणार नाहीत. वितळलेलं टोक गरम असताना बोटाने दाबू नका, चिकटतं.

तळाचा नायलॉनचा थर बाहेरून वरच्या कडेला दुमडून एका शिवणीने लावायचा, बाजूच्या कडा मुख्य शिवणीत. पुढे तो झिजला की वरची शिवण उसवून, बाजू कापून, नवा थर नुसता वरून शिवता येतो, सबंध दप्तर उकलावं लागत नाही. दर महिन्याला तळावर हात फिरवा. धागे लवसारखे उभे राहिलेले लागले की अजून दिवस आहेत. आतलं दुसऱ्या रंगाचं कापड डोकावलं की बदला. म्हणूनच तळाचं नायलॉन अंगापेक्षा वेगळ्या रंगाचं घ्या, फॅशन म्हणून नव्हे. आणि कॅरियरला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. वेल्डिंगची टोकं आणि मागची स्प्रिंगची पकड हीच दप्तराला खातात.

आता चेन. तुमच्या दुसऱ्या दप्तरात रनर पुढे गेला आणि मागे चेन उघडीच राहिली, असंच होत असणार. तसं असेल तर चेन खराब नव्हती, रनर झिजला होता. रनरच्या वरच्या-खालच्या पत्र्यांतली फट दातांना दाबून एकमेकांत बसवते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ चेनमध्ये बसते, रनर हजार वेळा त्यावरून फिरतो आणि ती फट आतून घासून रुंद होते. मग दात नीट दाबले जात नाहीत. ते फेब्रुवारीतलं दप्तर अजून घरात असेल तर आजच दुरुस्त होईल. रनरच्या मागच्या बाजूला, जिकडून बंद झालेली चेन बाहेर पडते तिकडे, दोन्ही कडांना पकडीने अगदी हलका दाब द्या. आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला, थोडं चालवून बघत. जोराने दाबलं तर रनर जाम होतो किंवा तडकतो. हा उपाय काही आठवडे चालतो, पक्का उपाय नवा रनर.

नव्या दप्तराला मुख्य कप्प्याला आठ नंबरची नायलॉन कॉइलची चेन, पुढच्या खिशाला पाच नंबरची. नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये. कॉइल म्हणजे एकेक दात नव्हे, अखंड वळलेली तार. म्हणून ती वळणावर वाकते आणि एक दात तुटला म्हणून सगळी चेन गेली असं होत नाही. वेगळ्या प्लास्टिक दातांची चेन जाकिटाला ठीक, दप्तराच्या कोपऱ्यावर नको. मुख्य चेन एका बाजूने वर जाऊन दुसऱ्या बाजूला उतरते, त्याला सुमारे 86 सेंटिमीटर लागते. एक मीटर घ्या, सोबत दोन रनर, आणि दोन जास्तीचे. चेन आणि रनर एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या आणि तिथेच रनर चढवून दहा-वीस वेळा पळवून बघा. नंबर एक असला तरी वेगवेगळ्या बनावटीच्या कॉइलची जाडी सारखी नसते. एकाचा रनर दुसऱ्याला सैल बसतो आणि नवं दप्तर पहिल्या महिन्यातच उघडं पडतं.

चेन बसवताना कोपरा काटकोनी ठेवू नका, तिथे रनर अडतो आणि पोरगं तो ओढून ओढून झिजवतं. चहाची बशी कापडावर ठेवून तिच्या कडेने वळण आखा, तेवढी गोलाई पुरते. चेन दोन शिवणींनी लावा. पहिली कॉइलपासून चार मिलिमीटरवर, दुसरी त्यापुढे काठाला कापड दाबायला. पहिली शिवण कॉइलच्या फार जवळ घेतली तर रनर टाक्यांवर घासत जातो आणि तेच टाके कापतो. पावसासाठी चेनवर झाकणपट्टी करायची असेल तर ती ताठ, दुहेरी कापडाची आणि दोन सेंटिमीटर रुंद करा. एकेरी मऊ पट्टी रनरमध्ये अडकते, आणि अडकलेलं कापड ओढताना कॉइल वाकडी होते. चेनची दोन्ही टोकं तीन बाय पाच सेंटिमीटरच्या कापडी तुकड्यात बंद करून ती बाजूच्या शिवणीत घ्या. एका टोकाचा तुकडा मात्र वेगळ्या साध्या शिवणीने लावायला सांगा. पुढे रनर बदलायचा तर तेवढा उसवायचा, जुने रनर काढायचे, नवे दोन्ही बाजूंना सारखे दात धरून चढवायचे आणि परत शिवायचं, घरच्या घरी.

दप्तर भरलेलं असताना चेन लागत नाही म्हणून पल्ले एका हाताने जवळ न ओढता नुसता रनर ओढायची सवय लागली तर आठ नंबरचाही निभाव लागणार नाही. डबा आणि पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत दिली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. महिन्यातून एकदा कोरड्या जुन्या टूथब्रशने चेनमधली धूळ झाडा आणि मग मेणबत्ती दातांवर घासा. खोबरेल किंवा मशीनचं तेल कधीच नको, त्यावर धूळ चिकटून तीच पॉलिश कागदासारखी घासते.

पीयूचा लेप कशाने जातो तेही सांगून ठेवते, कारण ते आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत घडतं. दप्तर धुऊन, आतून ओलसर असतानाच माळ्यावर पत्र्याखाली टाकतात. मे महिन्याच्या उष्णतेत आणि त्या ओलाव्यात लेप चिकट होतो, जूनमध्ये उघडलं तर पांढरी भुकटी किंवा पापुद्रे सुटतात. मग कापड पाणीही धरत नाही आणि कडांचे धागेही मोकळे होतात. धुवायचं तर साध्या पाण्यात, थोड्या साबणाने, ब्रशने, भिजत न घालता. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन नको. वाळवताना आतली बाजू बाहेर करून सावलीत टांगा, आणि सुट्टीत कपाटात ठेवा.

शिवून झाल्यावर घरी आणायच्या आधी शिवणाऱ्यासमोरच दप्तर उलटं करून बघा. कुठेही कापलेली कड उघडी दिसायला नको. मग त्यात चार-पाच किलो धान्य भरा, एकेका पट्ट्याने उचलून दहा-बारा हिसके द्या आणि चौकोनी शिवणीच्या भोवती बघा. सुईची भोकं लांबट झालेली दिसली किंवा टाके ओढले गेले असतील तर आतली आडवी पट्टी घातलेलीच नाही, किंवा शिवणीत नीट धरलेली नाही. पैसे द्यायच्या आधी तेवढं परत करून मागा.